आधी दुखावलेल्या माणसाशी मेसेजवर हळुवार फ्लर्ट कसं करावं?

प्रश्न: ताई, दोन महिन्यांपूर्वी एकाशी ओळख झाली, आतापर्यंत चार वेळा भेटलो. मी ३२ची, तो ३६चा. समोर असला की छान बोलतो, पण मेसेजवर एकदम आवरून घेतो. तिसऱ्या भेटीत त्याने सांगितलं, की आधीच्या नात्यात ती त्याचे मेसेज ग्रुपवर टाकायची आणि सगळे मिळून हसायचे. उत्तराला उशीर झाला की रात्रभर भांडण. ‘तुम्ही मला आवडता, पण पुन्हा या सगळ्यात पडायची भीती वाटते,’ असं म्हणाला. मला त्याच्याशी थोडं फ्लर्ट करायचंय, पण तो दचकायला नको. परवा रात्री ‘मिस यू’ पाठवलं, तर दुसऱ्या दिवशी दुपारी नुसता एक हसरा चेहरा आला. मैत्रिणीला स्क्रीनशॉट पाठवला, ती म्हणाली, त्याला इंटरेस्ट नाही, सोड. नेमकं काय लिहू?

उत्तर: आधी त्या स्क्रीनशॉटबद्दल बोलते. तू तो वाईट हेतूने पाठवला नाहीस, गोंधळलीस म्हणून पाठवलास, हे मला कळतंय. पण या माणसाची जखम नेमकी तिथलीच आहे. त्याने तुझ्यासाठी लिहिलेलं तिसऱ्याच्या फोनवर गेलं, मग ते हसण्यासाठी असो की सल्ल्यासाठी, त्याच्या लेखी ती एकच गोष्ट. मैत्रिणीला तो स्क्रीनशॉट काढून टाकायला सांग आणि इथून पुढे तुझ्या मनातलं तिच्याशी जरूर बोल, त्याचे शब्द मात्र दाखवू नकोस. याला आणखी एक कारण आहे. दोघीतिघींनी मिळून ठरवलेला मेसेज वाचणाऱ्याला कळतो. तो घासूनपुसून गुळगुळीत झालेला असतो, त्यात लिहिणारीचा आवाज उरत नाही. आणि ज्याने एकदा ग्रुपचं हसं सोसलंय, त्याचे कान या बाबतीत फार तिखट असतात.

आता तो हसरा चेहरा. गेली चौदा वर्षं मी नात्यांवर समुपदेशन करते आहे, त्या अनुभवावरून सांगते, तेवढ्या एका चिन्हावरून इंटरेस्ट नाही असं म्हणता येत नाही. ‘मिस यू’ला उत्तर म्हणून त्याच्यापुढे काय काय होतं ते बघ. ‘मी पण’ लिहावं तर ती एक कबुली झाली, तीही रात्री, एकटा असताना, आणि लेखी. काहीच लिहू नये तर तू दुखावशील. म्हणून त्याने मधली वाट काढली. दोन शब्दांचा मेसेज, पण त्याच्यासाठी तो परीक्षेतला प्रश्न होऊन बसला. मी माझ्याकडे येणाऱ्यांना पाठवायच्या आधी एकच गोष्ट करायला सांगते. मेसेज लिहून झाला की तो त्याच्या जागी बसून वाच आणि विचार, हे वाचल्यावर त्याला काय करावं लागेल? भावना उघड कराव्या लागतील, कशाचं तरी स्पष्टीकरण द्यावं लागेल, किंवा आत्ताच्या आत्ता काहीतरी ठरवावं लागेल, असं उत्तर आलं तर मेसेज बदलायचा. नुसतं वाचून हसता येईल आणि वाटलं तर दोन शब्द लिहिता येतील, असं असेल तर पाठवायचा.

त्याच ‘मिस यू’चं हे दुसरं रूप बघ: ‘आज लिफ्ट मध्येच थांबली आणि तुमचा तो लिफ्टमधला किस्सा आठवला. एकटीच हसत होते, बरोबरच्या काकूंना काय वाटलं असेल कोण जाणे.’ आठवण यातही आहे, उलट जास्त आहे, कारण तू त्याचं बोलणं लक्षात ठेवलंस हे यातून दिसतं. पण त्याला काही कबूल करायला लागत नाही. तो किस्स्यात भर घालेल, काकूंची चौकशी करेल, नाहीतर नुसता हसेल. तिन्हीही चालतं, आणि मुख्य म्हणजे तिन्ही चालतं हे त्याला वाचतानाच कळतं.

कौतुकाच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे जरा थांबते. ‘तुमच्यासारखा माणूस मला आजवर भेटला नाही’, ‘तुम्ही किती वेगळे आहात’ असली वाक्यं बहुतेकांना सुखावतात. पण ज्याचं आधीचं नातं वाईट रीतीने संपलं, त्याने ही वाक्यं बरेचदा त्याच नात्याच्या पहिल्या महिन्यात ऐकलेली असतात. आधी डोक्यावर घेतलं आणि मग पायाखाली तुडवलं, हा क्रम त्याच्या अंगात मुरलेला असतो. त्यामुळे कौतुक जितकं मोठं, तितका तो मनात म्हणतो, ‘आता पुढे काय?’ यावर उपाय म्हणजे कौतुक लहान करायचं आणि घडलेल्या गोष्टीला बांधायचं. जे त्याला स्वतःला तपासून बघता येतं, त्यावर विश्वास ठेवायला धाडस लागत नाही. ‘तुम्ही खूप छान ऐकता’ याऐवजी ‘काल मी बोलत असताना तुमचा फोन वाजला आणि तुम्ही तो न बघताच उलटा ठेवलात. घरी पोचेपर्यंत तेवढंच आठवत होतं.’ हे खरंच घडलं होतं की नाही ते त्याला माहीत आहे. आणि शेवटच्या वाक्यात जो नखरा आहे, तोही त्याला बरोबर पोचतो.

यात एक बारीक पण महत्त्वाचा फरक सांभाळायचा. तो मुद्दाम जे करतो त्याचं कौतुक कर. त्याच्याकडून नकळत जे होऊन जातं त्याचं नको. फोन उलटा ठेवणं ही त्याने निवडलेली गोष्ट आहे. पण ‘बोलताना तुमचे कान लाल झाले होते, किती गोड!’ हे तुला कितीही लाघवी वाटलं तरी तो वाचेल असं, की माझी घाबरगुंडी हिला दिसली आणि हिने ती टिपून ठेवली. लाजणं, अडखळणं, हात थरथरणं, चष्मा पुन्हापुन्हा पुसणं, हे सगळं पुढे कधीतरी, तो स्वतः त्यावर हसायला लागला की बोलायचं. तोवर दिसलंच नाही असं वाग.

चिडवण्याचंही तसंच. थट्टामस्करी हा फ्लर्टिंगचा जीव आहे, ती सोडून दे असं मी म्हणणार नाही. पण बोलताना जे काम तुझे डोळे आणि आवाज करतात, ते मेसेजमध्ये होत नाही. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ईमेलवर केलेलं एक संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं, की आपल्या लिखाणातला सूर वाचणाऱ्याला नीट कळेल असं लिहिणाऱ्यांना जितकं वाटतं, तितका तो प्रत्यक्षात कळत नाही. कारण सोपं आहे, लिहिताना आपल्याला आपलाच आवाज ऐकू येत असतो. वाचणाऱ्याला मात्र त्याच्या मनात त्या वेळी असलेला आवाज ऐकू येतो, आणि तुझ्या या माणसाच्या मनात तो आवाज कदाचित अजून त्या ग्रुपचा असेल. म्हणून सध्या थट्टा करायची ती स्वतःची किंवा दोघांच्या मिळून झालेल्या फजितीची. ‘तुम्हाला रस्ते अजिबात कळत नाहीत’ असं न म्हणता ‘दोघं मिळून तीनदा त्याच चौकात आलो. खरं सांगू, चौथ्यांदा आलो असतो तरी माझी तक्रार नव्हती.’ पहिल्या वाक्यात तो चुकतो. दुसऱ्यात दोघं चुकतात आणि तुला ते चुकणं हवंसं वाटतं. तो आपणहून तुला चिडवायला लागला, की मग तूही त्याला चिडव. सुरुवात त्याच्याकडून होऊ दे.

तू त्याला अजून ‘तुम्ही’ म्हणतेस असं दिसतंय. हे फार छान आहे आणि याची घाई करू नकोस. आपल्या भाषेत ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्याची जी पायरी आहे, तिच्याइतकी नाजूक जागा क्वचित असते, आणि बरेच जण ती पाचव्या मिनिटाला ओलांडून मोकळे होतात. ती पायरी तू त्याला नुसती दाखव. ‘बोलताना अजून तुम्ही म्हणते, पण मनात कधीकधी तू होऊन जातं. सवयीचा दोष.’ एवढंच लिहायचं आणि पुढच्या मेसेजमध्ये परत ‘तुम्ही’च म्हणायचं. तो ‘मग म्हणा की तू’ असं म्हणाला, तर एक दार त्याने स्वतःच्या हाताने उघडलं. नाही म्हणाला किंवा काहीच बोलला नाही, तरी काही मोडलं नाही, कारण तू अजून दाराबाहेरच उभी आहेस. माझ्याकडे आलेल्या एकाने सांगितलं होतं, की जिच्याशी पुढे त्याचं लग्न झालं, तिने पहिल्यांदा ‘तू’ म्हटलेला मेसेज त्याने जपून ठेवलाय. त्या मेसेजमध्ये बाकी काही नव्हतं, ‘पोचलास का?’ एवढंच होतं.

आता वेळ आणि वेग. तू ‘मिस यू’ रात्री पाठवलंस. रात्रीचा मेसेज दिवसाच्या मेसेजपेक्षा जड होतो, शब्द तेच असले तरी. त्याच्या बाबतीत रात्र म्हणजे भांडणाची वेळ होती, हे त्याने तुला सांगितलंच आहे. फोन रात्री वाजला की मेसेज उघडण्याआधीच त्याच्या पोटात गोळा येत असेल. काही दिवस खेळकर मेसेज सकाळी किंवा दुपारी, कामाच्या मधल्या वेळात पाठव. त्या वेळी त्याच्याकडे उत्तर न देण्याचं साधं, सभ्य कारण असतं, आणि असं कारण हाताशी असलं की माणूस मोकळेपणाने उत्तर देतो.

किती पाठवायचे, हे तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतं. दिवसाला वीस मेसेजने सुरुवात करून तिसऱ्या महिन्यात तीनवर आलीस, तर तू नुसती कामात असशील, पण त्याला ते प्रेम आटल्यासारखं दिसेल. सिंडी हझान आणि फिलिप शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये मोठ्यांच्या प्रेमाकडे लहान मुलाच्या लळ्यासारखं बघायला सुरुवात केली. त्यामागची एक साधी गोष्ट मला रोज कामी येते: दुखावलेला माणूस सतत एकच तपासत असतो, की हे माणूस मला हवं तेव्हा असेल का? मेसेजचा पूर आल्याने त्याचं उत्तर मिळत नाही, सातत्याने मिळतं. म्हणून तुझ्या सगळ्यात वाईट, दमलेल्या दिवशीही जेवढं जमेल तेवढाच वेग आत्तापासून धर. एक चांगला मेसेज सकाळी आणि त्याचं बोलणं आलं तर गप्पा, एवढं पुष्कळ आहे. मुद्दाम उशिरा उत्तर देऊन त्याची उत्सुकता वाढवण्याचे जे प्रकार सांगितले जातात, ते या माणसाच्या बाबतीत चुकूनही करू नकोस. कधी ऊब आणि कधी अचानक शांतता, यातूनच तर तो बाहेर आलाय.

तो गप्प झाला तर? होईल, आणि बहुतेक वेळा छान भेटीनंतरच होईल. जवळ आलं की भीती वाढते, म्हणून तो दोन पावलं मागे जातो. अशा वेळी ‘बिझी आहात का?’, ‘काही चुकलं का माझं?’, ‘ऑनलाइन दिसताय’ यातलं काहीही लिहायचं नाही. तिसरं तर अजिबात नाही, त्यात पहारा आहे. एक दिवस जाऊ दे. मग एक हलका मेसेज पाठव, ज्यात त्याच्या गप्प बसण्याचा उल्लेखच नाही: ‘आज पुस्तकाच्या दुकानात तुम्ही सांगितलेलं ते जाडजूड पुस्तक उचलून पाहिलं. वाचायला नाही, व्यायामाला उपयोगी आहे.’ त्यालाही उत्तर आलं नाही तर थांब. लागोपाठ दोन मेसेज अनुत्तरित राहिले की तिसरा पाठवायचा नाही, हा माझा नियम आहे आणि त्याला मी अपवाद करू देत नाही. तिसऱ्या मेसेजपासून आठवणीची जागा पाठलाग घेतो. ‘उत्तराची घाई नाही’ हे वाक्यही एकदाच वापर. प्रत्येक मेसेजच्या शेपटीला ते लावलंस, तर उत्तराची वाट बघितली जातेय हेच त्याला पुन्हापुन्हा कळत राहील.

याच्या उलट एक गोष्ट आहे जी फार थोड्यांच्या लक्षात येते. तो नेहमी मिनिटभरात उत्तर देत असेल तर त्यावरून खूश होण्याआधी जरा बघ. उशीर झाला म्हणून ज्याने रात्र रात्र बोलणी खाल्ली आहेत, तो आवडीने नाही, धास्तीनेही पटकन उत्तर देतो. ओळखायचं कसं? तो न विचारता हिशेब द्यायला लागतो: ‘सॉरी, मीटिंगमध्ये होतो’, ‘फोन दुसऱ्या खोलीत होता’, ‘आत्ताच पाहिलं, खरंच.’ पंधरा मिनिटांच्या उशिरासाठी आलेली माफी वाचून माझ्या पोटात तुटतं. आणि खरं सांगायचं तर फ्लर्ट करायला याहून चांगली जागा नाही. ‘अहो, सॉरी कशाला!’ असं सगळेच म्हणतात, त्याने फरक पडत नाही. त्याऐवजी लिही: ‘कुठे होतात ते नाही विचारणार. आलात ना, मला तेवढंच हवं होतं.’ किंवा दुसऱ्या वेळी: ‘तुमच्या उत्तराला उशीर झाला की माझं एक काम पूर्ण होतं. आज दोन झाली. अधूनमधून असेच गायब होत जा, पण परत येत जा.’ यात ओढ आहे, हसू आहे आणि शिक्षा नाही. असं चारपाच वेळा झालं, की माफ्या आपोआप कमी होतात. माफी न मागता, तीन तासांनी, आरामात आलेलं त्याचं पहिलं उत्तर बघशील तेव्हा तो दुरावा समजू नकोस. तो निर्धास्त व्हायला लागलाय.

एकीची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ती चाळिशीच्या आसपासची, तो घटस्फोटित. त्याच्या आधीच्या बायकोने त्याच्या प्रत्येक शब्दाचा पुढे भांडणात पुरावा म्हणून वापर केलेला. पहिला आठवडा तिने फक्त घडलेल्या गोष्टींवर लिहिलं, एका वेळी दोन ओळी. त्याची उत्तरं चारपाच शब्दांची. दुसऱ्या आठवड्यात ते फिरायला गेले, तिची छत्री त्याच्याकडे राहिली. तिने लिहिलं, ‘छत्री परत करायची घाई करू नका. पाऊस आला की मला तुम्हाला फोन करायला निमित्त राहील.’ त्याचं उत्तर आलं, ‘मग छत्री हरवली असं समजा.’ इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो उलट खेळला होता. ती इतकी आनंदली, की त्याच रात्री तिने लिहून टाकलं, ‘बघा, मी तिच्यासारखी नाहीये. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू शकता.’ त्यानंतर दोन दिवस शांतता.

ती माझ्याकडे आली ती रडवेली होऊन. यात चुकलं काय, हे तिला कळतच नव्हतं. चुकलं हे, की छत्रीच्या खेळात ते दोघंच होते आणि तिने त्यात तिसरीला आणून बसवलं. शिवाय ‘विश्वास ठेवू शकता’ ही मागणी आहे, तिला हो म्हणायचं तर त्याला न जमणारी गोष्ट जमते असं सांगावं लागणार. आम्ही मिळून दुरुस्तीचा मेसेज लिहिला नाही, मी तो तिलाच लिहायला लावला. पहिल्या कच्च्या मसुद्यात नऊ ओळी होत्या, मला काय म्हणायचं होतं, मला किती वाईट वाटलं, तुम्ही रागावलात का. सगळं खोडत खोडत उरलं ते असं: ‘परवा मी तुमच्या जुन्या गोष्टीला उगाच हात लावला. चुकलं माझं. छत्री मात्र हरवलेलीच आहे.’ माफी एका वाक्याची, समर्थन नाही, ‘ठीक आहे ना?’ असं विचारणं नाही, आणि शेवटी परत त्यांच्या दोघांच्या खेळाकडे. सहा तासांनी त्याने छत्रीचा फोटो पाठवला, दाराशी टांगलेल्या. खाली लिहिलं होतं, ‘शोध चालू आहे.’

हे तुला अशासाठी सांगितलं, की तुझ्याकडूनही अशी एखादी चूक होईल आणि तेव्हा नऊ ओळी लिहायचा मोह होईल. त्या लिही, पण पाठवू नकोस. आणि त्याच्या जुन्या नात्यावर तू मेसेजमध्ये कधीच बोलू नकोस. तो स्वतः लिहायला लागला, तर ऐकून घे आणि म्हण, ‘हे सांगितलंत, बरं वाटलं. भेटलो की नीट ऐकेन.’ त्यानंतर त्या दिवशी फ्लर्ट नको. दुःख सांगितल्यावर लगेच लाडात आलेलं माणूस त्याचं सांगणं ऐकलंच नाही असं वाटायला लावतं.

तो मोकळा होतोय हे उत्तरांच्या लांबीवरून फारसं कळत नाही. मी तीन गोष्टी बघते. तो कधीतरी आपणहून पहिला मेसेज करतो का. तू दोन आठवड्यांपूर्वी बोललेली एखादी गोष्ट तो परत काढतो का. आणि तो तुला कशाला तरी ‘नाही’ म्हणतो का. तिसरी सगळ्यात मोलाची. ‘आज नको, दमलोय, उद्या बोलू’ असं ज्या दिवशी तो लिहील, त्या दिवशी तुझं उत्तर फार जपून हवं: ‘झोपा निवांत. उद्याचं बोलणं मी आजच राखून ठेवते.’ नकार दिल्यावरही ऊब तशीच राहिली, हे त्याला एकदा दिसलं, की तुझ्या पुढच्या दहा गोड मेसेजपेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो. उलट, गोड मेसेजनंतरच नेमका तो आखडत असेल, साध्या गप्पांना नीट उत्तर देत असेल आणि हे तीनचार वेळा झालं असेल, तर काही दिवस साध्या गप्पाच कर. गोडवा भेटीसाठी ठेव, तिथे तो मोकळा असतो असं तूच म्हणतेस.

आणि मेसेजने काय होणार नाही, तेही सांगते. त्याची झोप उडत असेल, जुन्या गोष्टींनी तो अजून थरथरत असेल, तर ते काम तुझ्या शब्दांचं नाही. त्यासाठी समुपदेशक असतात. तो स्पष्ट म्हणाला, की मला आत्ता हे जमणार नाही, तर तुझा शेवटचा मेसेज एवढाच असू दे: ‘सांगितलंत, बरं केलंत. तुमच्याशी बोलायला खरंच आवडलं.’ यात ‘मी वाट बघेन’ असं लिहायचं नाही. आणि तो ना हो म्हणतो ना नाही, असं चाललं असेल, तर आणखी दोनेक महिन्यांनी प्रत्यक्ष भेटीत, मेसेजवर नाही, सरळ विचार. तुलाही उत्तर मिळण्याचा हक्क आहे. तू कितीही समजूतदार असलीस तरी वर्षभर अंदाज बांधत बसावं असं मला वाटत नाही.

इथली वाक्यं जशीच्या तशी उचलू नकोस. लिफ्ट, छत्री, पुस्तक हे दुसऱ्यांचं आहे. तुमच्या चार भेटींमध्ये जे घडलं, त्यातलं काहीतरी घे.

राहिला आजचा दिवस. त्या हसऱ्या चेहऱ्यावर तू अजून काही लिहिलेलं दिसत नाही, ते बरं झालं. ‘मिस यू’चा खुलासा करू नकोस, ते मागेही घेऊ नकोस, ते खरं होतं, ते तसंच राहू दे. उद्या सकाळी, साडेदहा-अकराच्या सुमारास, चौथ्या भेटीतली त्याची एखादी गोष्ट आठव आणि दोन ओळी लिही. शेवटी प्रश्नचिन्ह नको. पाठवल्यावर निळ्या खुणा बघायला चॅट पुन्हा उघडू नकोस. संध्याकाळपर्यंत फोन बॅगेतच राहू दे.